मेमोरँडममधलं भांडवल गुणाकार करून तपासा

खासगी कंपनीच्या मेमोरँडममध्ये, म्हणजे तिच्या स्थापनेच्या मूळ दस्तऐवजात, भांडवल कलम वाचताना कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. तिथे एकच रक्कम तीन प्रकारे येते: आकड्यात, अक्षरात आणि शेअरची संख्या गुणिले दर्शनी किंमत अशी. समजा, जुन्या मसुद्यातलं अधिकृत भांडवल १० लाखांवरून १५ लाख केलं. आकडा ₹१५,००,००० झाला, पण पुढे ‘रुपये दहा लाख फक्त’ आणि ‘प्रत्येकी १० रुपयांचे १,००,००० समभाग’ तसंच राहिलं. नुसतं वाचताना हे सुटतं, कारण प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे बरोबर वाटतो. गुणाकार केला की १० लाखच येतात. समभाग १,५०,००० हवेत. मग शेवटच्या तक्त्यात वर्गणीदारांनी, म्हणजे मेमोरँडमवर सही करून पहिले शेअर घेणाऱ्यांनी, घेतलेल्या शेअरची बेरीजही पाहा. ती कमी असली तर चालते, अधिकृत संख्येपेक्षा जास्त मात्र नको.

नाव कलमासाठी मंजुरीपत्र शेजारी उघडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. अनेकवचनाचा ‘एस’, दोन शब्दांमधली मोकळी जागा, ‘अँड’ की त्याचं चिन्ह, आणि शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ पूर्ण आहे ना, हे बघा. नोंदणीनंतर नाव बदलायला विशेष ठराव आणि सरकारी मान्यता लागते.