थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवताय? या चुका टाळा

आमची इमारत पाच मजली, आम्ही सगळ्यात वर. गच्चीवर सोलर आहे आणि एप्रिलमध्ये त्याचं पाणी ७० अंशांवर जातं. इतक्या गरम पाण्याने कातडी भाजायला एक सेकंदही पुरे. ६० अंशांना मोठ्या माणसाला पाचेक सेकंद मिळतात. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, त्यांना तेवढेही मिळत नाहीत, शिवाय आजींना झटकन मागे सरता येत नाही. म्हणून आईसाठी थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळून ठरवलेलं तापमान राखणारा व्हॉल्व्ह, बसवला, आणि तरीही एका सकाळी तिचा खांदा लालबुंद झाला.

कारण शोधायला दोन दिवस गेले. गच्चीवरची टाकी आमच्या शॉवरच्या जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे दाब ०.३ बारच. धार बारीक येते म्हणून प्लंबरने प्रेशर पंप लावला, पण फक्त थंड पाण्याच्या पाइपवर. गरम पाणी सोलरमधून आपल्या उतारानेच येत होतं. त्यामुळे थंड पाणी गरमावर कुरघोडी करायचं आणि शॉवर कोमट यायचा. आईने ३८ अंशांवर मूठ अडवणारं लाल बटण दाबून मुठीचा आकडा पार टोकाला नेला. त्या सकाळी लाइट गेली आणि पंप थांबला. थंडाचा दाब एकदम पडला, आणि मुठीने मागितलं होतं तितकं गरम पाणी व्हॉल्व्हने इमानेइतबारे दिलं.

गरम आणि थंड दोन्हीचा दाब जवळपास सारखा हवा, ही पहिली अट. पंप लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंना लावा. मात्र ट्यूबवाल्या साध्या सोलरच्या टाकीत पंपाचा दाब सोडू नका, ती दाब सोसायला बनवलेली नसते. गरम पाणी चालणारा वेगळा पंप तिच्यानंतरच्या पाइपवर लागतो. आम्ही पंपच काढला आणि कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह घेतला. खरेदी करताना किमान दाबाचा आकडा बघा. बरेच मॉडेल ०.५ किंवा १ बार मागतात, आणि वरच्या मजल्यावर तेवढा दाब नसतोच.

दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही लागतात. काही मिक्सरमध्ये ते आतच असतात, काहींमध्ये नसतात. ते नसतील तर जास्त दाबाचं पाणी मिक्सरमधून दुसऱ्या पाइपात शिरतं. स्वयंपाकघरातला थंड नळ अधूनमधून कोमट वाहू लागला किंवा गरम नळाला गारच पाणी आलं, तर संशय इथेच घ्या.

एका दांड्याच्या साध्या डायव्हर्टरलाही दुकानात कधीकधी ‘टेम्परेचर कंट्रोल’ म्हणतात. तो फक्त पाणी मिसळतो. आत तापमान ओळखून हलणारी मेणाची कांडी नसेल, तर थंड पाणी बंद पडताच उकळतं पाणी अंगावर येणार.

ही कांडी आपलं काम करते का, हे बघण्याची तपासणी सोपी आहे. शॉवर बालदीत सोडा, हात बाजूला ठेवा आणि थर्मामीटर धरा. मूठ ३८ वर असताना पाणी खरंच ३८ च्या आसपास आहे का ते बघा, नसेल तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे मूठ पुन्हा जुळवून घ्या. मग थंडाचा कॉक बंद करा. काही सेकंदांत धार जवळजवळ थांबली पाहिजे. वाफाळतं पाणी वाहतच राहिलं तर तो व्हॉल्व्ह वापरू नका. एक मेख मात्र आहे. गरम पाणी मिश्रणापेक्षा दहा-बारा अंशांनी जास्त गरम नसेल, तर हा बचाव नीट चालत नाही. गीझर पाच मिनिटं लावून तपासलंत तर चांगला व्हॉल्व्हही नापास होईल. पाणी ६० अंशांपर्यंत तापू द्या, मग तपासा.

बोअरचं पाणी असेल तर ही तपासणी दर तीन-चार महिन्यांनी करा, एरवी वर्षातून एकदा. क्षार आधी मिक्सरमध्ये पाणी शिरतं तिथल्या जाळीवर बसतात, मग कांडीवर. मूठ जड झाली किंवा तापमान वरखाली होऊ लागलं की जाळ्या काढून व्हिनेगरमध्ये भिजवा.

सगळ्यात जास्त घरांत दिसणारी चूक मी शेवटी ठेवली आहे, कारण आमच्याकडेही ती तशीच राहिली होती. व्हॉल्व्ह शॉवरला, आणि शेजारी बालदी भरायचा गरम नळ थेट सोलरवर. मुलं तर बालदीनेच अंघोळ करतात. आता आम्ही व्हॉल्व्ह मागे घेतला आहे. शॉवर आणि बालदीचा नळ दोन्ही त्याच्या पुढे येतात, आणि मुठीला ४१ अंशांवर पक्का अडसर लावून घेतला आहे.