शाळेत दाबून ठेवलेली शी

सकाळी सातची शाळा, घाईघाईत प्यायलेलं दूध आणि इंदिरानगरहून सुटलेली रिक्षा. पोटात काही गेलं की मोठं आतडं हलू लागतं, त्यामुळे कळ नेमकी पहिल्या-दुसऱ्या तासाला येते. शौचालय घाण असतं, म्हणून मूल पाय आवळून बसतं. थोड्या वेळात कळ जिरते, पण मळ आतच राहतो. आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि त्याचा खडा होतो. दुसऱ्या दिवशी दुखतं, आणि दुखतं म्हणून मूल आणखी दाबतं.

हे महिनोन्‌महिने चाललं की गुदाशय ताणून सैल पडतो, कळ जाणवेनाशी होते. मग अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला लागते. घरचे त्याला जुलाब समजतात आणि जुलाब थांबवणारं औषध देतात, त्याने खडा आणखी घट्ट अडकतो. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांनाच दाखवा.

एरवी मुलाला अर्धा तास आधी उठवा, पोळीचे चार घास खाऊ द्या आणि मग पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायांखाली पाट हवाच, लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही. वर्गाच्या बाईंनाही सांगून ठेवा: त्याने विचारलं की लगेच सोडा.