लहान मुलांचे केस: दर केसांचा नाही, वेळेचा लावा

मुलांसाठी वेगळी खुर्ची मांडणाऱ्यांना मी आधी दराचंच विचारते. ‘लहान मूल, अर्धे पैसे’ हा हिशेब बसत नाही. तीन वर्षांच्या मुलाचे केस दहा मिनिटांत होतात, पण त्याला रुळवण्यात आणि नंतर सामान धुण्यात तेवढाच वेळ जातो. म्हणून वीस मिनिटांचा एकच दर ठेवावा आणि तो फोनवरच सांगावा. मूल बिथरलं तर तिथेच थांबायचं, उरलेले केस आठवडाभरात त्याच पैशांत. हे आधी ठरलं की पालक ‘आम्ही धरतो, तुम्ही कापा’ असा आग्रह धरत नाहीत. दाबून धरलेलं मूल हिसका देतं आणि कानाला कात्री लागते.

कात्री गोल टोकाची घ्या. कानापाशी आलात की डाव्या हाताने कान खाली दुमडून बोटांच्या आड ठेवायचा. मशीनची भीती आवाजाची असते. आधी बंद मशीन मुलाच्या हातात द्या, मग लांब धरून चालू करा, डोक्याला सगळ्यात शेवटी. पातं चालून चालून तापतं, म्हणून मधूनमधून स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं. वापरलेला कंगवा नुसता जंतुनाशकात बुडवून भागत नाही. आधी केस काढून साबणाने धुवायचा, मग बाटलीवर लिहिलेली मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायचा.

वाढदिवसाच्या ऑर्डरला खरी कसोटी. समजा, बारा मुलं आणि दोन तास. प्रत्येकाला दहा मिनिटं धरली तर दोन तास तिथेच संपले, रुसव्याफुगव्यांना जागाच नाही. म्हणून तीनच स्टाइल ठेवा: वेणी, दोन बो, रंगीत क्लिपा. प्रत्येक सात मिनिटांत व्हायला हवी. बारा सत्ते चौऱ्याऐंशी, म्हणजे छत्तीस मिनिटं हाताशी उरतात. दर सांगताना जाण्यायेण्याचे ठरावीक पैसे वेगळे आणि दर मुलामागे वेगळे सांगा. आयत्या वेळी दोन पाहुणी मुलं वाढली तरी वाद होत नाही. कंगवे मात्र पंधरा न्या. एका मुलाला एक, वापरलेला थेट वेगळ्या डब्यात.

चमकी चेहऱ्यासाठी बनवलेलीच हवी. हस्तकलेची डोळ्यात गेली तर टोचते. हेअरस्प्रे बहुधा पेट घेणारा असतो, आणि केक कापताना मुलं मेणबत्तीवर वाकतातच. पार्टीला तो मी नेतच नाही. (आया मागतात. क्लिपा वाढवून देते.)

कानामागे किंवा मानेवर केसांना चिकटलेले, झटकून न निघणारे पांढरे कण दिसले तर त्या लिखा समजा. तिथे सगळ्यांसमोर बोलायचं नाही. ‘तुला हेअरबँड छान दिसेल’ म्हणून नवा हेअरबँड लावून द्यायचा, तो परत घ्यायचा नाही, त्या मुलाचे पैसेही धरायचे नाहीत. त्याच्या आईला नंतर बाजूला घेऊन सांगायचं.