19 शब्दांचं वाक्य आणि पहिलीतला वाचक

मुलांच्या गोष्टी लिहायला लागले तेव्हा माझी समजूत होती की मोठं वाक्य तोडलं की ते सोपं होतं. ती चुकीची कशी ठरली ते एकाच वाक्याच्या उदाहरणाने सांगते. या कामात नव्याने येणाऱ्यांना त्यातून बरंच मिळेल.

गोष्ट साधी होती. आजी सोनूला पेटीची किल्ली देते आणि ‘घरी जाऊन पेटीतली शाल आण’ म्हणते. वाटेत विहीर लागते. सोनू कठड्यावरून वाकून पाण्यातलं कासव बघतो. घराच्या दाराशी आल्यावर खिसा रिकामा! तो विहिरीकडे पळतो, कठड्याजवळच्या गवतात किल्ली सापडते, आणि पुढच्या वेळी आजी ती त्याच्या करदोड्यालाच बांधते. माझ्या पहिल्या मसुद्यात मधलं वाक्य असं होतं:

‘दाराशी पोचल्यावर खिशात किल्ली नसल्याचे लक्षात येताच, कासव पाहायला आपण कठड्यावरून वाकलो होतो हे आठवून सोनू धावतच विहिरीकडे परतला.’

हे 19 शब्द आजीने मोठ्याने वाचून दाखवले तर सहा वर्षांच्या मुलाला सहज कळतात, कारण आजीचा आवाज योग्य जागी थांबतो. मूल स्वतः वाचतं तेव्हा मात्र एकेक अक्षर जुळवत पुढे सरकतं. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि इथे तर सोनूचं नावच सोळावा शब्द आहे. म्हणजे कोणाबद्दल चाललंय हे कळण्याआधी पंधरा शब्द डोक्यात धरून ठेवायचे. शिवाय पोचल्यावर, किल्ली, नसल्याचे, लक्षात, कठड्यावरून अशी पाच जोडाक्षरं. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीची अपेक्षा आहे ती अनोळखी मजकुरातली 4-5 सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता येण्याची. माझं वाक्य त्याच्या चौपट होतं.

म्हणून मी ते सरळ कापलं: ‘सोनूची चावी हरवली. तो घाबरला. तो धावत परत गेला.’

पहिलीतल्या एका मुलीने हे न अडखळता वाचलं. मला आनंद झाला. मग पुस्तक मिटून विचारलं, ‘सोनू कुठे गेला?’ ती म्हणाली, ‘घरी.’ चूक तिची नव्हतीच. ‘परत गेला’ म्हटल्यावर मूल घरीच जाणार. विहीर मी गाळली होती, आणि विहिरीशिवाय पुढच्या पानावर किल्ली सापडण्याला काही अर्थ उरत नव्हता. दुसरं नुकसान माझ्या उशिरा लक्षात आलं. ‘हरवली’ या शब्दाने मी निकालच सांगून टाकला होता. मूळ वाक्यात सोनूला रिकामा खिसा लागतो आणि त्याच्यासोबत वाचणाऱ्यालाही धक्का बसतो, तो क्षण गेला. ‘घाबरला’ तर मूळ वाक्यात नव्हतंच, ते मी पदरचं घातलं होतं.

तेव्हापासून वाक्याला हात लावण्याआधी मी गोष्टीचं शेवटचं पान समोर ठेवते आणि त्याला या वाक्यातून काय काय लागणार आहे ते बाजूला लिहून काढते. इथे तीन गोष्टी निघाल्या: खिसा रिकामा असल्याचं कळणं, कासव बघायला वाकल्याची आठवण, आणि विहिरीकडे जाणं. कठडा त्या यादीत नव्हता. तो चित्रात दिसणार होता, म्हणून शब्दांतून जाऊ दिला. चित्रावर सोपवायचं ते असं. घटनेचं कारण मात्र मी चित्रावर सोडत नाही, कारण मूल वाचताना अक्षरांकडे बघत असतं आणि चित्राकडे बऱ्याचदा नंतर वळतं.

दुसरी खेप अशी होती: ‘सोनू दारात आला. खिशात चावी नाही. त्याला आठवले. तो कासव बघायला वाकला होता. तो विहिरीकडे धावला.’

यादीतलं सगळं यात होतं आणि वाक्यंही लहान होती. एका मुलाने वाचून सांगितलं, ‘सोनू दारात आला आणि तिथे कासव बघायला वाकला.’ या वयाचं मूल वाक्यांचा क्रम हाच घटनांचा क्रम धरतं. ‘वाकला होता’मधल्या एवढ्याशा ‘होता’वर मी सगळा भूतकाळ टांगला होता आणि तो त्याला दिसलाच नाही. लांब वाक्यात ‘हे आठवून’ने जो धागा बांधला होता, तो वाक्यं तोडताना तुटला. वाक्य छोटं केलं की त्यातला जोड आपोआप टिकत नाही, तो वेगळा बांधावा लागतो.

तो बांधायला मी दोन बदल केले. वाकण्याची घटना तिच्या खऱ्या जागी, दोन पानं आधी नेली: ‘सोनू वाकला. पाण्यात कासव!’ आणि आठवण सोनूच्याच तोंडी घातली. मुलं आपसात बोलताना ‘बघताना’, ‘जाताना’ सहज म्हणतात, त्यामुळे हे रूप त्यांना परकं नाही.

‘सोनू दारात आला.
खिशात हात घातला.
चावी नाही!
“कासव बघताना पडली का?”
सोनू विहिरीकडे पळाला.’

एकूण 15 शब्द आणि एकही जोडाक्षर नाही. ‘हरवली’ कुठेही म्हटलेलं नाही, त्यामुळे उत्सुकता शाबूत आहे. प्रश्नार्थक वाक्यामुळे सोनू अजून अंदाजच बांधतोय हेही कळतं. ‘पडली’ या रूपाचा इथे फार उपयोग झाला. कासव पडलं असतं तर ‘पडलं’ आलं असतं. स्त्रीलिंगी क्रियापदाने चावीचं नाव न घेता तिच्याकडे बोट दाखवलं.

हेच लिंग दुसरीकडे अडचण करतं. ‘चावी विहिरीजवळ होती. ती खूप जुनी होती.’ इथे जुनी कोण? चावी, विहीर, आजी, पेटी, माझ्या गोष्टीत सगळ्याच ‘ती’. मोठ्यांच्या लिखाणात नाम पुन्हा पुन्हा आलं की खटकतं. सहा वर्षांच्या मुलासाठी ‘चावी खूप जुनी होती’ असं नाव घेऊनच लिहावं.

किल्लीची चावी केली ती ‘ल्ल’ टाळायला, आणि त्या वर्गातल्या मुलांना दोन्ही शब्द माहीत होते म्हणून. जिथे मुलं फक्त किल्लीच म्हणतात तिथे मी किल्लीच ठेवीन, कारण घरात रोज कानावर पडणारा शब्द जोडाक्षरासकट लवकर ओळखू येतो. ‘करदोडा’ काढून ‘दोरा’ करा असा सल्ला मला मिळाला होता. मी तो मानला नाही. चार अक्षरांच्या या शब्दात जोडाक्षर नाही, आणि कंबरेला करदोडा घातलेल्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही. ‘दोरा’ म्हटलं असतं तर चावी नेमकी कुठे बांधली हेच गेलं असतं. तसंच ‘म्हणाला’ टाळण्यासाठी ‘बोलला’ लिहू नका. गोष्टींमध्ये तो इतक्यांदा येतो की मुलं तो एकसंध ओळखतात.

तपासताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मूल शब्दावर अडलं तर तो शब्द बघायचा. न अडता वाचलं, पण पुस्तक मिटल्यावर ‘कुठे?’ आणि ‘का?’ला चुकीचं उत्तर आलं, तर वाक्याची रचना बघायची. पहिल्या प्रकारची अडचण ऐकू येते. दुसरी विचारल्याशिवाय कळत नाही, आणि कथानक तिथेच हरवतं.

तिसरी खेप मी पहिलीच्या दुसऱ्या तुकडीत नेली, कारण आधीच्या दोघांना गोष्ट माहीत झाली होती. तिथली एक मुलगी ‘विहिरीकडे’वर थांबली. वि, हि, री असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि पार केलं. पुस्तक मिटून विचारलं, सोनू कुठे गेला? ‘विहिरीकडे.’ का? ‘वाकला ना तो, तिथे पडली असेल.’ तो लांब शब्द मी तसाच राहू दिला.