साताऱ्यात नवीन सिम घेतलंत? आधी कोणतं सिम कशाला ते ठरवा

मी लातूरकडचा. साताऱ्यात एमआयडीसीत कामाला येऊन बरीच वर्षं झाली. दर हंगामात आपल्याकडची पाच-दहा पोरं इकडं येतात, खोली घेतात, मेस लावतात आणि पहिल्या पगाराच्या आत दुसरं सिम घेतात. कारण साधं असतं. गावाकडच्या सिमला पत्र्याच्या शेडमध्ये रेंज मिळत नाही, आणि शेजारचा ज्या कंपनीचं वापरतो त्याला मिळते. सिम घेतलं ते बरोबरच केलं. पण ते टाकल्यावर फोन विचारतो, कॉल कशावरून, मेसेज कशावरून, नेट कशावरून. तिथं घाईत सगळीकडं नवीन सिमवर बोट ठेवलं की पुढं घोळ होतो.

माझ्या मावसभावाचं सांगतो. तो आला तेव्हा त्याचं जुनं सिम बँकेला आणि आधारला जोडलेलं होतं. नवीन सिमवर नेट छान चालायचं, म्हणून त्यानं जुन्याचा रिचार्ज संपू दिला. महिन्याच्या शेवटी फोन बिघडला, दुसरा घेतला आणि पैसे पाठवायचं अ‍ॅप पुन्हा टाकलं. असं अ‍ॅप सुरू होताना तुमच्या फोनमधून बँकेकडे एक मेसेज पाठवतं. तो मेसेज बँकेत नोंदवलेल्या नंबरावरूनच जावा लागतो, तेव्हाच खातं सापडतं. त्यानं नवीन सिम निवडलं. ‘या नंबरावर खातं नाही’ असं आलं. मग जुनं निवडलं, तर मेसेज जाईना, कारण पॅक संपलेला. मेसवाल्या काकूंचे पैसे द्यायचे होते आणि खात्यात पगार पडलेला असून हातात काही नाही. जुन्या सिमवर छोटा रिचार्ज मारला, तेच सिम निवडून पुन्हा केलं, आणि काम झालं.

म्हणून माझी वाटणी अशी. जुनं सिम बँक, आधार आणि घर यांच्यासाठी. मेसेज त्याच्यावरून. नवीन सिम नेटसाठी आणि कामाच्या कॉलसाठी. जुन्यावर नेटचा पॅक लागतच नाही, ओटीपी नेटशिवाय येतो. डिसेंबर 2024 मध्ये मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायनं नियम केला, त्यानंतर कंपन्यांनी फक्त कॉल आणि मेसेजचे पॅकही काढले आहेत. दुकानदार सहसा नेटवालाच पुढं करतो, तुम्ही नेट नसलेला मागून घ्या. पॅक संपून सिम पडून राहिलं, तर आधी जाणारे आणि मग येणारेही कॉल-मेसेज बंद होतात. 90 दिवस काहीच वापर झाला नाही, तर नंबर बंद होऊन पुढं दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो. बँकेचा नंबर दुसऱ्याच्या हातात गेलेला कुणाला परवडेल?

सेटिंग शोधायला वेळ लागत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत `Settings` मध्ये `Network & internet` आणि तिथं `SIMs` असतं. सॅमसंगमध्ये `Connections` मध्ये `SIM manager`. आत `Calls`, `Messages` आणि `Mobile data` वेगवेगळे दिसतात. मी कॉलला ‘दर वेळी विचार’ ठेवतो, म्हणजे `Ask every time`. एक टॅप जास्त लागतो, पण आईला अनोळखी नंबर दिसत नाही आणि ती फोन उचलते. नेट आपोआप एका सिमवरून दुसऱ्यावर नेणारी सोय असेल, तर जुन्या सिमवर नेटचा पॅक नसताना ती बंद ठेवा.

शेवटी एक चाचणी घ्या. नवीन सिमवर कुणाशी तरी बोलत असताना दुसऱ्याला जुन्यावर फोन लावायला सांगा. काही फोनांत एका सिमवर बोलताना दुसरं लागतच नाही. तुमचा तसा असेल तर घरच्यांना दोन्ही नंबर देऊन ठेवा.

आता नको असलेल्या कॉलांबद्दल, कारण इथंही सिमचीच चूक सगळ्यात जास्त होते. त्याच मावसभावाला जुन्या नंबरावर दिवसभर कर्जाचे फोन यायचे. जाहिरातीचे कॉल नकोत अशी नोंद करायला मी त्याला 1909 वर मेसेज टाकायला सांगितला:

```
START 0
```

महिना झाला तरी फोन थांबेनात. त्याचा मोबाइल घेऊन पाहिला, तर मेसेज नवीन सिमवरून गेलेला. ही नोंद नंबराप्रमाणे होते, माणसाप्रमाणे नाही. ज्या नंबराला त्रास आहे त्याच सिमवरून मेसेज गेला पाहिजे. लिहायच्या चौकटीजवळ सिमचं छोटं चिन्ह दिसतं, पाठवण्याआधी तिथं नजर टाका. दोन्ही नंबरांची नोंद करायची असेल तर दोन्हीवरून वेगवेगळा मेसेज पाठवा. ओटीपी आणि बँकेचे व्यवहाराचे मेसेज यानं बंद होत नाहीत, ती भीती मनातून काढा.

नोंद करूनही फोन आला तर तक्रार करता येते. ती 7 दिवसांच्या आत, त्याच 1909 वर आणि ज्या सिमवर फोन आला त्याच सिमवरून करायची. कशाचा फोन होता, कुठल्या नंबरावरून आला आणि तारीख, एवढंच लिहायचं:

```
Loan offer call, 140XXXXXXX, 14/03/26
```

जाहिरातीच्या कॉलांसाठी 140 ची मालिका आहे आणि बँकांच्या सेवेच्या कॉलांसाठी 1600 ची. साध्या दहा आकडी नंबरावरून कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला, तर फोन ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरावर स्वतः लावून विचारा.

फोनमधलं ब्लॉक वापरा, पण त्याची मर्यादा ध्यानात ठेवा. ब्लॉक एका नंबराला होतं, आणि ही मंडळी रोज नंबर बदलतात. शिवाय सगळे अनोळखी नंबर गप्प करणारी सोय नवीन माणसानं लावू नये असं माझं ठाम मत आहे. इथं तुमच्या यादीत कुणीच नसतं. ठेकेदार, खोलीमालक, कंपनीचं ऑफिस, सगळे अनोळखीच. एका पोराचा मुलाखतीचा फोन असाच वाजला नाही आणि जागा दुसऱ्याला गेली.

नवीन नंबराची आणखी एक गोष्ट. तो आधी कुणाचा तरी असू शकतो. मग त्या माणसाच्या थकलेल्या हप्त्यांचे फोन तुम्हाला येतात, नाव भलत्याचंच घेतात. हा जाहिरातीचा कॉल नाही, त्यामुळे `START 0` त्याला लागू पडत नाही. ‘हा नंबर आता माझा आहे, मी तो माणूस नाही’ एवढं एकदा शांतपणे सांगायचं. स्वतःचं नाव, पत्ता, आधार काही द्यायचं नाही, आणि नंबर ब्लॉक करायचा. म्हणूनच मी सांगतो, नवीन सिम घेतल्यावर पहिले दोन आठवडे ते कशालाच जोडू नका. फोन फारच यायला लागले तर ते सोडून दुसरं घेता येतं. बँकेला, पीएफला जोडून बसल्यावर सोडणं जड जातं.

धमकी, केवायसी संपल्याची भीती, पार्सल अडकल्याची कथा, असले कॉल आले तर `sancharsaathi.gov.in` या सरकारी साइटवर ‘चक्षू’ नावाच्या तक्रारीच्या सोयीत कळवा. पैसे गेलेच असतील तर तासभरही न थांबता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, आणि तो लावताना बँकेचा मेसेज कोणत्या सिमवर आला होता ते समोर उघडून ठेवा.