विरी गेलेल्या पिठाने शिकवलेलं पोझिशनिंग

मार्केटिंगमधली माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होती. उत्पादन एकच, ज्वारीचं पीठ. दुकानात आमच्या पाकिटाशेजारी चार-पाच जुने ब्रँड आधीच मांडलेले असायचे. आमच्या पाकिटावर मी लिहिलं होतं, ‘शुद्ध, पौष्टिक, ग्लुटेनमुक्त’. तीन महिने माल हललाच नाही. पोझिशनिंग, म्हणजे गिऱ्हाईकाच्या मनात आपल्या मालाची वेगळी जागा करणं, मला तेव्हा जमलं नव्हतं.

एका दुकानदाराने शेजारचं पाकीट उचलून हातात दिलं. शब्द जवळपास तेच. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. आपलं वाक्य लिहायचं, त्यात आपल्याऐवजी स्पर्धकाचं नाव घालायचं, आणि तरीही ते खरं ठरत असेल तर खोडून टाकायचं.

मग मी घरोघर जायला लागले. सुरुवातीला ‘तुम्हाला कसं पीठ हवं?’ असं विचारायचे. सगळीकडून ‘चांगलं, स्वस्त’ एवढंच उत्तर यायचं. नवख्यांनो, हा प्रश्न विचारू नका. ‘मागच्या वेळी पाकीट का बदललंत?’ असं विचारा, म्हणजे घडलेली गोष्ट कळते. कोथरूडच्या एका काकूंनी उत्तर न देता परातीत पीठ घेतलं, पाणी घालून मळलं आणि थापायला लागल्या. गोळ्याच्या कडा चिरल्या, भाकरी उचलताना मधोमध तुटली. म्हणाल्या, “विरी गेलीय पिठाची. म्हणून मी आपली गिरणीतूनच दळून आणते.”

आमचा खरा स्पर्धक शेजारचं पाकीट नव्हतं, कोपऱ्यावरची गिरणी होती. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे भाकरीची मोठी भिस्त पिठाच्या ताजेपणावर. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून मी जे मिरवत होते, तीच बाईची थापतानाची अडचण होती!

नवीन पाकिटावर एकच ओळ ठेवली, ‘थापताना तुटणार नाही’, आणि खाली ठळक अक्षरांत दळल्याची तारीख. पौष्टिकपणा मागच्या बाजूला गेला. त्यावरून मालकांशी माझा वाद झाला, पण दोन वचनं शेजारी ठेवली की गिऱ्हाईक एकही लक्षात ठेवत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ओळ लिहिणं सोपं होतं, पाळणं महाग. पाकीट एका किलोऐवजी अर्ध्या किलोचं केलं, दळण आठवड्यातून दोनदा ठेवलं आणि दहा दिवसांवरचा माल परत घ्यायला लागलो. मोठ्या ब्रँडला हे जड जातं, कारण त्यांचा माल डेपो, वितरक, दुकान असा फिरत येतो. पण त्याच कारणाने आम्हालाही पुण्याबाहेर जाता येईना.

वचन लागू पडलं की नाही, हे मी पहिल्या विक्रीवरून ठरवलं नाही. नवं पाकीट कुतूहलानेही घेतलं जातं. सहा दुकानदारांना तेच घर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आलं की वहीत खूण करायला सांगितलं. तिसऱ्या खुणा वाढायला लागल्या, तेव्हाच दुकानं वाढवली. पावसाळ्यात मात्र तक्रारी आल्या, दमट हवेत दहा दिवस जास्त होत होते. तेव्हापासून जून ते सप्टेंबर आम्ही सातव्या दिवशीच माल परत घ्यायला लागलो.