हयातीचा दाखला: मोबाईलवर, घरपोच आणि बँकेत

नोव्हेंबर लागला की हयातीचा दाखला द्यायला बँकेतल्या पेन्शनच्या टेबलापुढे रांग लागते. ही रांग टाळायचे मार्ग आता बरेच आहेत, पण त्यांतली मेख फारशी कोणी सांगत नाही. मोबाईलवर चेहरा दाखवला, दाखल्याचा क्रमांक म्हणजे ‘प्रमाण आयडी’ आला, म्हणजे दाखला योग्य टेबलावर पोचला असे नव्हे. तुमची पेन्शन नेमके कोण मंजूर करते आणि कोण देते, हे भरताना चुकले तर दाखला तयार होतो, पण जातो भलतीकडेच. म्हणून सुरुवात मोबाईलपासून नको, कागदांपासून करा.

आधी पेन्शनचा कागद काढा

पेन्शन मंजूर झाली तेव्हा मिळालेला आदेश, म्हणजे पीपीओ, शोधून ठेवा. त्यावरचा क्रमांक अंक-अक्षरांसह जसाच्या तसा लागतो. सोबत आधार कार्ड आणि पेन्शन जमा होते त्या खात्याचे पासबुक घ्या. आधार क्रमांक बँकेत किंवा पेन्शन देणाऱ्या कार्यालयात आधीच नोंदलेला असायला हवा. नसेल तर ते काम पहिले.

मुदत कोणती, हे पेन्शन कुठली आहे त्यावर ठरते. केंद्र सरकारच्या पेन्शनरांनी 1 ते 30 नोव्हेंबर या काळात दाखला द्यायचा असतो. वयाची 80 वर्षे पूर्ण झालेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. महाराष्ट्र शासनाच्या पेन्शनरांचाही महिना नोव्हेंबरच. भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-95 पेन्शनरांचे मात्र वेगळे आहे: त्यांचा दाखला वर्षात केव्हाही चालतो आणि दिल्या दिवसापासून बारा महिने टिकतो. मार्चमध्ये दाखला दिलेल्या ईपीएसवाल्याने नोव्हेंबरच्या गर्दीत उगाच शिरू नये.

पेन्शन देते कोण?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून एक उदाहरण घेऊ. मिरजेच्या एक काकू सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर काकूंना त्यांचे कुटुंब निवृत्तिवेतनही सुरू झाले. दोन्ही रकमा एकाच बँकेच्या एकाच खात्यात येतात. साहजिकच काकूंना वाटते, पेन्शन बँकच देते आणि एक दाखला दिला की झाले.

प्रत्यक्षात या दोन पेन्शनी, दोन पीपीओ आणि दोन वाटा आहेत. काकूंची स्वतःची पेन्शन राज्य शासनाची. ती महालेखापालांच्या कार्यालयाने मंजूर केली आणि सांगलीच्या जिल्हा कोषागारातून निघते. बँक इथे फक्त पैसे खात्यात टाकते. रेल्वेच्या कुटुंब निवृत्तिवेतनात मात्र बँक स्वतःच पेन्शन देणारी संस्था आहे आणि दाखला तिच्याच पेन्शन विभागाकडे जायला हवा. काकूंनी स्वतःच्या पेन्शनसाठी अर्जात ‘बँक’ निवडली तर तो दाखला कोषागाराला दिसणारच नाही. (मुंबई शहरात राहणाऱ्यांच्या बाबतीत कोषागाराच्या जागी अधिदान व लेखा कार्यालय असते.)

म्हणून काकूंना दाखले दोन काढावे लागतात, प्रत्येक पीपीओसाठी एक. चेहरा तोच, आधार तेच, खातेही तेच. फक्त मंजूर करणारे, देणारे, पेन्शनचा प्रकार आणि पीपीओ क्रमांक हे चार रकाने वेगळे.

मोबाईलवर चेहरा दाखवून

केंद्र सरकारची ‘जीवन प्रमाण’ योजना नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झाली. तेव्हा बोटांचे ठसे किंवा डोळ्यांचे स्कॅन घेणारे यंत्र लागायचे. आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या बायकांचे आणि शेतात राबलेल्यांचे ठसे त्या यंत्रावर उमटता उमटत नसत. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली आणि यंत्राची गरज संपली. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांसाठी हाच मार्ग सगळ्यात बरा.

स्मार्टफोनवर दोन ॲप घ्यायची: AadhaarFaceRD आणि Jeevan Pramaan. दोन्ही फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून मुळीच नको. पहिले ॲप उघडून काही करायचे नसते, ते मागे राहून चेहरा तपासते. ते नाही म्हणून दुसरे अडते आणि लोकांना वाटते ॲप बिघडले.

जीवन प्रमाण उघडल्यावर आधी ‘ऑपरेटर’ची ओळख मागितली जाते. फोन हाताळणारा माणूस तो ऑपरेटर. तो पेन्शनर स्वतः असू शकतो किंवा मुलगा, सून, नात कोणीही. ऑपरेटर आपला आधार क्रमांक, मोबाईल आणि ईमेल भरतो, आलेला ओटीपी टाकतो आणि स्वतःचा चेहरा दाखवतो. हे एकदाच. त्यानंतर त्याच फोनवरून घरातल्या, शेजारच्या कितीही पेन्शनरांचे दाखले काढता येतात.

मग पेन्शनरचा आधार क्रमांक आणि मोबाईल. ओटीपी टाकला की मुख्य अर्ज उघडतो. नाव आधारवर आहे तसेच लिहा, टोपणनाव नको. पेन्शनचा प्रकार निवडताना स्वतःच्या नोकरीची पेन्शन असेल तर Service, जोडीदाराच्या पश्चात मिळणारी असेल तर Family. काकूंसारख्या बायका इथे हमखास चुकतात, कारण रेल्वेच्या पीपीओवर यजमानांचे नाव आधी दिसते. पुढे Sanctioning Authority म्हणजे मंजूर करणारे आणि Disbursing Agency म्हणजे देणारे. काकूंनी पहिल्या दाखल्यात महाराष्ट्र शासन आणि कोषागार निवडायचे, दुसऱ्यात रेल्वे आणि आपली बँक. शेवटी पीपीओ आणि खाते क्रमांक. खाते पासबुकातून पाहून भरा. यजमान असतानाचे जुने खाते अजूनही अनेकांच्या डायरीत लिहिलेले असते, तेच भरले जाते.

पुढे दोन प्रश्न येतात: पुन्हा नोकरी लागली आहे का, पुनर्विवाह केला आहे का. यांतल्या एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर हा डिजिटल दाखला चालत नाही, बँकेत किंवा कार्यालयात जाऊन कागदीच द्यावा लागतो.

आता चेहरा. पेन्शनरला खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे उजेड नको. चष्मा काढा, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्या. पडद्यावरच्या गोलात चेहरा आला की डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, हे त्यावरूनच कळते. वारंवार नकार येत असेल तर आधारचे बायोमेट्रिक लॉक केलेले आहे का ते पाहा. मुलांनी सुरक्षेसाठी कधीतरी केलेले असते आणि आईवडिलांना पत्ताही नसतो. आधारमधला फोटो फार जुना असेल तर आधार केंद्रावर जाऊन तो नवा काढून घ्या.

ओळख पटली की पडद्यावर प्रमाण आयडी येतो, मोबाईलवर संदेशही येतो. तो लिहून ठेवा. पण काम इथे संपत नाही. काही दिवसांनी jeevanpramaan.gov.in वर पेन्शनर लॉगिनमध्ये हा आयडी आणि ओटीपी टाकून दाखला स्वीकारला गेला की नाकारला गेला, ते बघा. नाकारला गेला असेल तर बहुधा पीपीओ, खाते किंवा देणारी संस्था चुकलेली असते. जुना दाखला दुरुस्त होत नाही, नवा काढायचा. मुदतीच्या आत पुन्हा काढता यावा म्हणून हे काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच उरकलेले बरे.

आणखी एक. आयडी एका वर्षापुरताच. मागच्या वर्षीचा चालत नाही, दरवर्षी नवा काढावा लागतो.

फोन जमत नसेल तर

पोस्टाच्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमन किंवा ग्रामीण डाक सेवक घरी येऊन दाखला काढतो. या सेवेचे शुल्क 70 रुपये, आणि तेही दाखला तयार झाला तरच. पेन्शन कोणत्या बँकेत येते याच्याशी याचा संबंध नाही. गावात रोजचा पोस्टमन ओळखीचा असतो, त्यालाच सांगणे सोपे. नाहीतर पोस्टात जाऊन मागणी नोंदवा. मात्र घरी आलेला माणूस तुमच्या वतीने रकाने भरतो, त्यालाही ‘पेन्शन बँकेतच येते ना?’ असेच वाटू शकते. पीपीओ त्याच्यासमोर ठेवा आणि देणारी संस्था कोणती हे तुम्हीच सांगा. नागरी सुविधा केंद्रातही हे काम होते, तिथेही हीच खबरदारी.

बँक जवळ असेल आणि पाय चालत असतील तर सरळ बँकेत जायलाही काही हरकत नाही. राज्य शासनाच्या पेन्शनरांच्या याद्या कोषागाराकडून बँकेत येतात. आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा केला की बँक ती यादी कोषागाराला परत पाठवते. केंद्राच्या पेन्शनरांना पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कोणत्याही शाखेत दाखला देता येतो आणि त्याची पोच देणे हे रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकेचे काम आहे. पोच मागून घ्या. ‘जा, झालं काका’ एवढ्यावर उठू नका, कारण जानेवारीत वाद झाला तर हातात कागद तोच असतो.

अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनरांसाठी बँकेला कळवले तर कर्मचारी घरी किंवा दवाखान्यात येऊन दाखला घेऊ शकतात. 70 च्या पुढच्यांना आणि अपंगांना घरपोच सेवा द्यावी, असेही बँकांना सांगितलेले आहे. लेखी अर्ज द्या, तोंडी विनंती गर्दीत विसरली जाते.

मुलांकडे परदेशी गेलेल्यांना तिथल्या भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्याची, नोटरीची किंवा बँक अधिकाऱ्याची सही असलेला दाखला पाठवता येतो. कोणाची सही चालेल हे आपल्या बँकेला आधी विचारून घ्यावे.

पेन्शन थांबली तर

दाखला वेळेत पोचला नाही तर पुढची पेन्शन रोखली जाते, रद्द होत नाही. दाखला दिला की ती सुरू होते आणि मधली थकबाकीही मिळते. मात्र या काळात ‘तुमचा दाखला बाकी आहे, आलेला ओटीपी सांगा’ असे फोन येतात. ते चोरांचे असतात. पेन्शन विभाग कधीही फोनवर ओटीपी मागत नाही. ओटीपी येतो तो तुम्ही स्वतः ॲप उघडून मागितल्यावर किंवा समोर बसलेल्या पोस्टमनने दाखला काढायला घेतल्यावर. असा फोन आला तर ठेवून द्या आणि दाखल्याची स्थिती आपल्या शाखेत किंवा कोषागारात विचारा.